मोहाच्या दिवसांतली सुई

भंडारा जिल्ह्यात आरोग्य सेवकाच्या नोकरीत माझी एकतीस वर्षं गेली. १९९१ साली लागलो तेव्हा गोंदियाही आमच्याच जिल्ह्यात होतं. तापाच्या रुग्णाचं रक्त घेऊन काचपट्टी करा, विहिरीत ब्लिचिंग टाका, डबक्यात गप्पी मासे सोडा आणि सिस्टर लसीकरणाला बसल्या की टोल्याटोल्यांवर फिरून माणसं गोळा करा, असं ते काम. सुई टोचणाऱ्या सिस्टर. माणूस सुईपर्यंत आणणारा मी. त्यामुळे माणूस सुईपासून का पळतो, हे मला जरा जवळून पाहायला मिळालं. एक कारण असं आहे की ते कुठल्याच रजिस्टरात लिहिलं जात नाही, म्हणून इथे लिहितो.

१. विचारणारा लसीबद्दल विचारत नसतो

१ एप्रिल २०२१ पासून पंचेचाळीस वर्षांवरच्या सगळ्यांना कोविडची लस खुली झाली. आमच्याकडे तो मोह वेचण्याचा हंगाम. पहाटे टोपल्या घेऊन बाया-माणसं झाडाखाली, दुपारी अंगणात फुलं वाळत घातलेली, आणि कुठे नाल्याच्या काठाला सडव्याचा वास. अशा दिवसांत मी दारोदार सांगत होतो की शाळेत लस आहे, आधार कार्ड घेऊन या. समोरचा सगळं ऐकून घ्यायचा आणि मग आवाज खाली आणून विचारायचा, "साहेब, सुई घेतली तं किती दिवस बंद?"

काय बंद, हे सांगायची गरज नसायची.

सुरुवातीला मला वाटे, याला लसीची काळजी आहे. पुढे लक्षात आलं की तो सौदा करतोय. पंधरा दिवस म्हटलं तर येईल, दीड महिना म्हटलं तर येणार नाही. आणि गावात आकडे फिरत होते ते दीड महिन्याचेच. त्यांचं मूळ मला नंतर कळलं. डिसेंबर २०२० मध्ये रशियात स्पुतनिक लस सुरू झाली, तेव्हा तिथल्या आरोग्य खात्याच्या एका बड्या अधिकारी आना पोपोवा म्हणाल्या की पहिल्या डोसच्या दोन आठवडे आधीपासून दुसऱ्या डोसनंतर तीन आठवड्यांपर्यंत दारू नको. ती लस ज्यांच्या संस्थेत तयार झाली ते अलेक्झांडर गिंझबर्ग यांनी लगेच सांगितलं की एवढं काही नाही, प्रत्येक सुईनंतर तीन दिवस पुरेत. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही प्रश्नोत्तरांत स्पष्ट लिहिलं होतं की दारूमुळे लसीचा परिणाम कमी होतो असा पुरावा नाही. पण मोबाइलवर पोचलं ते पोपोवाबाईंचं वाक्य. खुलासा मागेच राहिला.

त्यात कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर वाढत गेलं. आधी चार ते सहा आठवडे, मार्चअखेर सहा ते आठ, आणि मे महिन्यात बारा ते सोळा. दोन डोसच्या मध्ये प्यायची नाही असं ज्याने मनाशी धरलं होतं, त्याचा उपास सरकारी परिपत्रकासोबत लांबत गेला. एका गड्याने बोटांवर हिशोब केला आणि मला म्हणाला, "म्हणजे साहेब, आता तं रोवणा बी कोरडाच." चिखलात दिवसभर वाकून रोवणा करणाऱ्याला संध्याकाळचा पावशेर म्हणजे काय असतो, हे ज्याने तो चिखल तुडवलाय त्यालाच कळेल. तो गडी त्या वेळी आला नाही.

२. हा नियम पोटातल्या चौदा सुयांचा आहे

रशियाच्या बातमीवर आमच्या लोकांनी एवढ्या पटकन विश्वास का ठेवला? कारण सुई आणि दारूचं वैर त्यांना आधीपासून ठाऊक होतं. त्यांच्या बापांना कुत्रं चावलं तेव्हाचं.

मी नोकरीला लागलो त्या काळात कुत्रं चावलं की पोटात चौदा सुया. बेंबीच्या आजूबाजूला, रोज एक. ज्याने त्या घेतल्या तो आजही सांगताना पोटावर हात ठेवतो. ती लस डेव्हिड सेम्पल नावाच्या ब्रिटिश डॉक्टराने १९११ च्या सुमारास हिमाचलातल्या कसौलीला बसवली होती. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, तो मारायचा आणि त्या मेंदूचाच लगदा लस म्हणून टोचायचा. अडचण अशी की लगद्यासोबत मेंढीच्या मज्जातंतूंचं आवरणही शरीरात जायचं. शरीर त्याच्याविरुद्ध उभं राहायचं, आणि क्वचित एखाद्याच्या बाबतीत तीच फौज त्या माणसाच्या स्वतःच्या मज्जातंतूंवर उलटायची. पाय लुळे पडायचे, कधी मेंदूला सूज यायची.

म्हणून त्या काळच्या डॉक्टरांना पाठ्यपुस्तकातच शिकवलेलं असायचं की रुग्णाला बजावा: सुया चालू असताना आणि पुढे महिनाभर दारू नको, जास्त श्रम नको, जागरण नको. लस फुकट जाईल ही भीती त्यात नव्हती. मज्जातंतूंना आधीच धोका आहे, वर आणखी ताण नको, एवढाच हेतू. आमचे एक जुने वैद्यकीय अधिकारी त्यात आणखी एक जोडायचे: "पिऊन झोकांडी जाते की पाय लुळा पडून, हे मला कसं कळेल?"

डिसेंबर २००४ मध्ये भारतात ती मेंदूची लस बनवणं बंद झालं. आता जी रेबीजची लस मिळते ती प्रयोगशाळेत पेशींवर वाढवलेली, तिच्यात मज्जातंतूचा तुकडा नाही. ती दंडात देतात, पोटात नाही. तिच्यासोबत दारूचं पथ्य नाही, मटणाचं नाही, वांग्याचंही नाही. पण पथ्य असं सहजासहजी जात नाही. चौदा सुया गेल्या, त्यांच्याबरोबरचा नियम मात्र गावात राहिला आणि पुढे प्रत्येक सुईला चिकटला: धनुर्वाताच्या, काविळीच्या आणि शेवटी कोविडच्या.

हे समजायला मला बरीच वर्षं लागली. नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत मीही तेच पथ्य सांगत होतो, आणि नंतरही काही वर्षं सवयीने सांगितलं. ती चूक माझीच.

३. पथ्य ऐकून माणूस दारू सोडत नाही, सुई सोडतो

कोविडच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री झाडीपट्टीचं नाटक, पाहुण्यांनी भरलेलं घर. अशाच एका मंडईच्या रात्री पन्नाशीच्या एका माणसाला कुत्रं चावलं. गाव त्यांना मामाजी म्हणायचं. रोज पिणारे, पण बोलायला गोड आणि कामाला वाघ. पोटरीत दोन दात रुतलेले, रक्त आलेलं. घरच्यांनी वर चुना लावलेला.

दात रुतून रक्त आलं की ती तिसऱ्या श्रेणीची जखम. तिथे सगळ्यात आधी साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. चुना, मिरची, हळद काही नाही. मामाजींची जखम सकाळी आरोग्य केंद्रात धुतली तेव्हा चुना काढण्यातच पाच मिनिटं गेली. मग लसीचा पहिला डोस: दोन्ही दंडांत कातडीच्या आतच थोडा थोडा, शून्य पूर्णांक एक मिलीलीटर प्रत्येकी. तिसऱ्या श्रेणीच्या जखमेला नुसती लस पुरत नाही, कारण लसीने शरीर जागं व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. तेवढ्या काळासाठी तयार प्रतिपिंडांचं औषध थेट जखमेत भरावं लागतं. त्यासाठी त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवलं, आणि ते गेलेही. कार्डावर तारखा लिहून दिल्या. आजचा दिवस शून्य धरायचा, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा.

तिसऱ्या दिवशी मामाजी आले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली. ते धुऱ्यावर बसले होते, समोर कापलेल्या धानाच्या कडपा पडलेल्या.

"मामाजी, काल तुमची सुई होती."

"होती जी."

"मंग?"

त्यांनी जरा वेळ घेतला. मग म्हणाले, "दवाखान्याच्या फाटकापाशी एका जणानं सांगतलं, सुया चालू असेपर्यंत न् वरून एक महिना थेंब नाही घ्यायचा. मी घरी येऊन हिशोब केला. दोन महिने होतेत. माझ्यानं नाही होत जी. आन् घेऊन आलो तं सुई उलटते म्हणते. त्यापेक्षा सुईच नको."

यात मूर्खपणा काही नव्हता. त्यांना जे सांगितलं गेलं होतं, ते खरं धरलं तर त्यांचा निर्णय बरोबरच होता. दारू सुटणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक, आणि दारूवर सुई उलटते हेही पक्कं ठाऊक. मग सुई सोडणं हाच शहाणपणा.

मी धुऱ्यावर त्यांच्या शेजारी बसलो आणि चौदा सुयांची ती सगळी हकिगत सांगितली, मेंढीच्या मेंदूसकट. त्यांना त्यातली मेंढीच जास्त आवडली. शेवटी म्हटलं, "सोडलीत तर चांगलंच. नाही सोडवली तरी चारही सुया पुऱ्या करा. पिऊन आलात तरी टोचू, पण या." रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचत नाही, हे मी त्यांना वेगळं सांगितलं नाही. त्यांनी लहानपणी गावात एक मरण पाहिलं होतं.

त्याच दुपारी ते आले. एक दिवस उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. राहिलेला डोस दिला आणि पुढच्या तारखा तशाच धरल्या. सातव्या दिवशी आले. अठ्ठाविसाव्या दिवशी भर दुपारी डोलत आले, केंद्राच्या पायरीवर बसले आणि दोन्ही दंड उघडून म्हणाले, "घ्या." सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि त्यांनी टोचलं.

त्या दिवसापासून मी बोलण्याचा क्रम बदलला. आधी पुढची तारीख सांगायची. दारूचं कुणी विचारलं तरच बोलायचं, आणि विचारलं तर खरं तेच सांगायचं.

४. कोविशील्डच्या कुपीत दारू होतीच

हे मला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दाखवलं. कोविशील्डच्या माहितीपत्रकात घटकांची यादी होती. साखर, मीठ, हिस्टिडिन वगैरे. त्यातच इथेनॉल. म्हणजे दारूतलं अल्कोहोल तेच. अर्ध्या मिलीलीटरच्या डोसमध्ये साधारण दोन मिलीग्रॅम, लस टिकावी म्हणून घातलेलं. व्हिस्कीच्या तीस मिलीलीटरच्या पेगमध्ये असतं दहा ग्रॅम, म्हणजे त्याच्या पाच हजार पट. दोन मिलीग्रॅमने कुणाला काही होत नाही, पण 'दारूचा थेंब लागला की लस मरते' म्हणणाऱ्याला गप्प करायला एवढं पुरतं.

ही समजूत मात्र अगदीच हवेतून आलेली नाही. कातडीवर चोळायचं स्पिरिट साठ-सत्तर टक्के तीव्रतेचं असतं, आणि ते जिवंत जंतूंच्या लसीला खरंच मारू शकतं. म्हणून बाळाला बीसीजी टोचताना सिस्टर स्पिरिट लावत नाहीत, आणि ते पाहून आजीबाई "हे कायची नर्स, पुसत बी नाही" म्हणतात. पण रक्तातली दारू वेगळी. चांगला तर्र झालेल्या माणसाच्या रक्तातही अल्कोहोलचं प्रमाण टक्क्याच्या दशांशात असतं. तेवढ्याने लस मरायची असती तर गावातला एकही जंतू उरला नसता.

५. एक रात्र वेगळी, वीस वर्षं वेगळी

मग दारूचा लसीवर काहीच परिणाम होत नाही का? होतो. पण ज्या दारूचा होतो तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. सगळे विचारतात ते सुईच्या आदल्या-नंतरच्या संध्याकाळचं.

लस टोचल्यावर काय होतं ते मी गावात असं सांगायचो. सुई म्हणजे पोलीस पाटलाकडे दिलेला चोराचा फोटो. दंडातल्या पहारेकरी पेशी तो फोटो उचलतात आणि काखेतल्या गाठींपर्यंत नेतात. तिथे कोण पकडणार, कशाने पकडणार, याची शिकवणी चालते, ती दोन-तीन आठवडे. म्हणूनच लसीचा परिणाम दुसऱ्या दिवशी नसतो. एका संध्याकाळची दारू रक्तात राहते काही तास, आणि शिकवणी चालते काही आठवडे.

एका बैठकीत भरपूर प्यायलं तर मात्र त्या काही तासांत पहारेकरी जरा डुलक्या घेतात, हेही खरं. २०१५ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला, त्यात पंधरा तरुण मंडळींना चार-पाच पेग व्होडका पाजून त्यांचं रक्त तपासलं होतं. वीस मिनिटांनी संरक्षण पेशींची धावपळ वाढलेली होती. दोन तासांनी आणि पाच तासांनी त्यातल्या काही पेशी रक्तात कमी झालेल्या. त्यावरून लस वाया जाते असं सिद्ध होत नाही, ते कुणी तपासलंच नव्हतं. पण सुईच्या दिवशी सहा-सहा पेग घेऊ नका, एवढं म्हणायला ते कारण पुरेसं आहे.

वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याचं यकृत, आतडं, रक्त तयार करणारी मज्जा, सगळंच थकलेलं असतं. बी काविळीच्या लसीत हे फार पूर्वीपासून दिसून आलं आहे: जुन्या दारुड्यांमध्ये, त्यातही यकृत खराब झालेल्यांमध्ये, लस नीट लागण्याचं प्रमाण कमी. अमेरिकेत बारा माकडांवर केलेला एक प्रयोगही आहे. त्यांतल्या काहींपुढे अनेक महिने दारू ठेवली. ज्यांनी भरपूर ढोसली त्यांना लस कमी लागली, आणि ज्यांनी बेताची घेतली त्यांना साखरेचं पाणी पिणाऱ्या माकडांपेक्षाही बरी लागली. हे दुसरं वाक्य ऐकून आमचे ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर फार खूश झाले होते. मी त्यांना म्हटलं, माकडं बाराच होती, आणि बेताची म्हणजे किती हे तुम्ही ठरवायचं नाही.

त्याच ड्रायव्हरसाहेबांचं पुढे झालं ते सांगतो. दवाखान्यात काम करणाऱ्यांना बी काविळीचे तीन डोस घ्यावे लागतात: पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. त्यांनी घेतले. यकृताला आधीच सूज होती, म्हणून डॉक्टरांनी शेवटच्या डोसनंतर दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं मोजायला सांगितली. ती दहाच्या वर असली की लस लागली असं धरतात. यांची चार आली. पुन्हा तिन्ही डोस, या खेपेला डॉक्टरांनी ठरवलेल्या वाढीव मात्रेत. दुसऱ्या खेपेला पास झाले. एकदा लागली नाही म्हणून 'माझ्यावर लस चालतच नाही' असं होत नाही, हे त्यांच्यामुळे शिकलो.

आणखी एक. रोज पिणाऱ्याला लस कमी लागते म्हणून लस कशाला द्यायची, असं मला एकदा एका शिकलेल्या सरपंचाने विचारलं होतं. हिशोब उलटा आहे. न्यूमोनिया आणि फुप्फुसाचे आजार अशा माणसाला जास्त होतात आणि होतात तेव्हा जास्त बळी घेतात. अमेरिकेत न्यूमोकोकसची लस कुणाला आधी द्यायची त्या यादीत दारूचं व्यसन हे एक कारण म्हणून लिहिलेलं असतं.

६. सुईसाठी अचानक सोडलेली दारू

माझ्या नोकरीतला सगळ्यात वाईट आठवडा यातूनच आला.

जून २०२१. जंगलाला लागून असलेला एक टोला, तीसेक घरं. पहिल्या फेरीत चौघांनीच लस घेतली होती. दुसऱ्या फेरीला सत्तेचाळीस वर्षांचा एक गडी स्वतःहून आला. आमच्याच माणसांपैकी कुणीतरी त्याला बजावलं होतं की दारू सोडून ये. रोज सकाळपासून घेणारा माणूस, पण जिद्दीचा. त्याने सुईच्या आदल्या संध्याकाळी बाटली ठेवली ती ठेवलीच. सकाळी अकराला सुई घेतली, अर्धा तास बसला, घरी गेला. हात थोडे थरथरत होते, पण सुईला घाबरणाऱ्याचे थरथरतातच, म्हणून कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

रात्री झोप नाही. अंगाला घाम. दुसऱ्या दिवशी पहाटे झटका आला. डोळे फिरले, तोंडाला फेस. सकाळी सातला टोल्यावर एकच वाक्य होतं: लशीनं मारलं.

तो वाचला. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला तो लसीचा नव्हता. "शेवटची दारू कधी घेतली?" परवा संध्याकाळी सातच्या सुमारास. म्हणजे झटका आला तो दारू थांबवल्यापासून तेहतीस-चौतीस तासांनी. दारू उतरण्याचा आजार असाच वेळापत्रकाने येतो. शरीराला वर्षानुवर्षं दारूची गुंगी सवयीची झालेली असते, मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावूनच चालत असतो. गुंगी एकाएकी काढली की तो जोर मोकाट सुटतो. सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम, धडधड, झोप उडते. झटके साधारण पहिल्या दोन दिवसांत. नसलेल्या गोष्टी दिसणं, बडबडणं हे दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, आणि ते जिवावर बेततं. त्याला झटक्याचं औषध आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. पाच दिवसांनी घरी आला.

लसीचा त्रास आणि हा त्रास ओळखायचा कसा, हे त्यानंतर मी आशाताईंना पाठ करून घ्यायला लावलं. लसीचा त्रास मोजायचा सुईपासून: दंड दुखतो, त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी ताप, अंगदुखी, डोकं जड, दोन दिवसांत उतार. दारू सुटण्याचा त्रास मोजायचा शेवटच्या घोटापासून: हात पुढे पसरायला सांगितले तर बोटं थरथरतात, कपाळावर घाम, नाडी पळते, डोळ्याला डोळा लागत नाही आणि माणूस सारखा अस्वस्थ. पहिल्याला पॅरासिटामॉल आणि पाणी. दुसऱ्याला घरी ठेवायचंच नाही, गाडी बोलवायची. झटका कुठलाही असला तरी लसीनंतरच्या त्रासाच्या नोंदवहीत लिहायचा. आम्ही तोही लिहिला.

पण टोल्याला हे कोण समजावणार? पुढचे दोन महिने तिथे एकही सुई टोचली गेली नाही. लोकांच्या दृष्टीने साखळी सरळ होती, काल सुई आणि आज झटका. मधली बाटली कुणाला दिसली नाही, कारण ती प्यायलेली नव्हती, सोडलेली होती.

रोज सकाळपासून लागणाऱ्या माणसाला 'लसीसाठी आजपासून बंद' असं मी तेव्हापासून कधीच सांगितलं नाही. सोडायची असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेगळ्या दिवशी, वेगळ्या कामासाठी.

७. मग त्या दिवशी घ्यायची की नाही

माझे पुतणे हल्ली फोन करून विचारतात, त्यांना जे सांगतो तेच इथे. कधीमधी घेणारा असशील तर सुईच्या आदल्या रात्रीपासून दुसऱ्या दिवसापर्यंत नको घेऊस. लस फुकट जाईल म्हणून नाही. ताप आला, डोकं दुखलं, उलटीसारखं झालं, तर ते सुईचं की रात्रीच्या पार्टीचं हे कुणालाच कळणार नाही, आणि रात्रभर प्यायलेल्याचं अंग आधीच सुकलेलं असतं म्हणून चक्करही लवकर येते. घेतली असलीस तरी सुईचा दिवस चुकवू नकोस. एखादा पेग झाला म्हणून डोस पुढे ढकलायचं काही कारण नाही.

पॅरासिटामॉलचं मात्र जपून. लसीकरणानंतर चार गोळ्या हातावर ठेवल्या जातात, आणि पिणारा माणूस डोकं दुखतंय म्हणून चारही एकदम गिळतो, वर क्वार्टर. रोज पिणाऱ्याचं यकृत पॅरासिटामॉलचा निचरा नीट करत नाही. धडधाकट माणसाला दिवसाला जास्तीत जास्त चार ग्रॅम चालतं. अशा माणसाला आमचे डॉक्टर दोनच्या वर जाऊ देत नसत. म्हणजे पाचशेच्या चार, त्याही सहा-सहा तासांनी. साडेसहाशेच्या असतील तर तीन.

आणि पूर्ण चढलेल्या माणसाला सुई? इथे मी दोन प्रकार करतो. कुत्र्याची असेल तर थांबायचं नाही, मामाजींसारखी टोचायची. बाकीची असेल तर सकाळी बोलवायचं. तर्र माणूस ॲलर्जी विचारली तर गाणं म्हणतो, हो म्हणतो ते कशाला हे त्याला ठाऊक नसतं, आणि अर्धा तास बाकावर बसवला तर पडून डोकं फोडून घेतो. ते खापरही मग सुईवरच.

नोव्हेंबर २०२१ मध्ये 'हर घर दस्तक' सुरू झालं, घरोघरी जाऊन लस. दिवाळी नुकतीच झालेली, गावोगाव मंडया. आम्ही मुद्दाम नाटकाच्या मंडपाजवळ टेबल लावलं. मामाजी तिथे होतेच. त्यांनी कुणी न सांगता जबाबदारी अंगावर घेतली आणि मंडपाच्या तोंडाशी उभे राहून ओरडायला लागले, "पिऊन या पन या! साहेबानंच सांगतलं हाय!"

दुसऱ्या दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मला बोलावून घेतलं. तुम्ही दारू पाजून लस देता अशी तक्रार आहे म्हणाले. मी रजिस्टर पुढे ठेवलं. त्या रात्री सतरा जणांनी लस घेतली होती, आणि चौघांना 'सकाळी या' म्हणून परत पाठवल्याची नोंद होती. चौघांपैकी तिघे सकाळी आले होते. साहेबांनी चौथ्याचं विचारलं. मी म्हटलं, आता तिकडेच निघालोय.